‘दों’ आला की क्रियापदापर्यंत थांबा

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. आजचा विषय फ्रेंचमधल्या एका इवल्याशा शब्दाचा आहे. त्याचा उच्चार ‘दों’. लिहिताना डी-ओ-एन-टी, म्हणजे दिसायला इंग्रजी ‘डोन्ट’सारखाच, फक्त मधली ती अपॉस्ट्रॉफी नाही. या शब्दामुळे मी एका काकूंची झोप उडवली होती, आणि चूक सगळी माझी होती.

झालं असं. माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण लियोंला शिकायला आहे. तिने जुनं घर सोडलं, किल्ल्या परत दिल्या, आणि पंधरा दिवसांनी घरमालकाकडून पत्र आलं. तिची परीक्षा चालू होती, म्हणून तिने पत्राचा फोटो साताऱ्याला आईला पाठवला, आणि काकूंनी तो मला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी फोनवरच वाचलं आणि व्हॉइस नोटमध्ये मराठी करून पाठवून दिलं. पाच मिनिटांत काकूंचा फोन. “अगं, म्हणजे घरातल्या सगळ्या दुरुस्त्या तिच्याच माथी? आणि वर आणखी बिलं पाठवणार म्हणतायत. किती पैसे भरायचे आम्ही?”

पत्रात असं काहीही नव्हतं. ते मी घातलं होतं. मुद्दाम नाही, एका ‘दों’मुळे. खरं तर तीन.

ते वाक्य आधी बघूया. फ्रेंच येत नसेल तरी चालेल. मी फ्रेंच शब्दांचा क्रम तसाच ठेवून त्या जागी मराठी शब्द घालते, आणि ‘दों’ तेवढा राहू देते:

“डिपॉझिट, दों रक्कम दिली आहे कलम ५ मध्ये भाडेकराराच्या, तुम्हाला परत केलं जाईल दोन महिन्यांच्या आत, वजा करून दुरुस्त्या दों तुम्ही आहात जबाबदार आणि दों आम्ही तुम्हाला पाठवू बिलं.”

एकच वाक्य, तीन ‘दों’. आणि मी रात्री साडेअकराला केलेलं मराठी असं होतं: “डिपॉझिट दोन महिन्यांत परत मिळेल, दुरुस्त्या वजा करून, ज्याला तुम्ही जबाबदार आहात, आणि आम्ही तुम्हाला बिलं पाठवू.” ऐकायला ठीक वाटतं ना? काकूंनाही ठीक वाटलं. म्हणूनच त्या घाबरल्या.

आता हा ‘दों’ करतो काय ते सांगते. फ्रेंचमध्ये ‘द’ नावाचा एक शब्दयोगी शब्द आहे. लिहितात डी-ई. तो नामाच्या आधी येतो. ‘दों’ म्हणजे हा ‘द’ आणि ‘जो’ एकत्र मुरवलेले. मागे एका नामाचं नाव घेतलं, आता त्याच नामाबद्दल पुढे काही सांगायचंय, आणि त्या सांगण्यात त्या नामाला ‘द’ लागतो, की फ्रेंच माणूस ‘दों’ म्हणून मोकळा होतो.

अडचण अशी की फ्रेंचचा एक ‘द’ म्हणजे मराठीत एक प्रत्यय नाही. ‘पार्ले द’ म्हणजे एखाद्याबद्दल बोलणं. तिथे ‘द’ म्हणजे ‘बद्दल’. ‘फिएर द’ म्हणजे एखाद्याचा अभिमान असणं. तिथे तो ‘चा’ झाला. ‘स सेर्व्हिर द’ म्हणजे एखादी वस्तू वापरणं. तिथे मराठीत काहीच लागत नाही, कारण आपण सुरी वापरतो, सुरीचा-बिरीचा काही प्रश्नच नाही. आणि ‘ल तुआ द ला मेझों’, घराचं छप्पर, तिथे पुन्हा ‘चं’.

फ्रेंच माणसाला ‘दों’ म्हणताना यातलं काहीच ठरवावं लागत नाही. तो ‘दों’ म्हणतो, पुढे जातो, आणि नंतर येणारं क्रियापद, विशेषण किंवा नाम सांगतं की हा ‘द’ कुणाचा. आपलं उलटं आहे. मराठीत त्या उपवाक्याच्या सुरुवातीलाच ‘ज्याच्याबद्दल’, ‘ज्याचा’, ‘जिला’ यातलं एक बोलावं लागतं, आणि ज्यावरून ते ठरतं ते क्रियापद आपण ठेवतो शेवटी. म्हणजे फ्रेंच वाक्य ऐकता ऐकता मराठी करायला गेलात तर पहिलाच शब्द अंदाजाने टाकावा लागतो. मी तसाच टाकला होता. ‘ज्याला’. ‘ज्याला’ हा शब्द अंधारात टाकायला फार सोयीचा आहे, कुठेही बसल्यासारखा वाटतो. ‘दुरुस्त्या’ अनेकवचनी, म्हणजे ‘ज्यांना’ तरी हवं होतं, पण घाईत तेवढंही भान राहिलं नाही.

म्हणून मी शिकवताना मुलांना एकच गोष्ट करायला लावते. ‘दों’ दिसला की तिथे वाक्य तोडायचं, मागचं नाम उचलायचं, आणि पुढच्या तुकड्यात ‘द’ लावून ते परत जागेवर ठेवायचं. आपल्या पत्रावर करून बघूया.

पहिला तुकडा: “रक्कम दिली आहे कलम ५ मध्ये.” कसली रक्कम? डिपॉझिटची. म्हणजे ‘द’ हा ‘रक्कम’ या नामाचा आहे. मराठीत ‘ची’.

दुसरा तुकडा: “तुम्ही जबाबदार आहात.” कशाला जबाबदार? दुरुस्त्यांना. फ्रेंचमध्ये ‘रेस्पोंसाब्ल द’, ‘द’ विशेषणाचा आहे. मराठीत ‘ला’ चालेल, पण आपण जास्त करून म्हणतो ‘दुरुस्त्यांची जबाबदारी तुमच्यावर आहे’. मग ‘ज्यांची’.

तिसरा तुकडा: “आम्ही तुम्हाला पाठवू बिलं.” कसली बिलं? दुरुस्त्यांची. इथे जरा थांबा, कारण मी इथेच जास्त आपटले. ‘दों’नंतर लगेच येतं ‘आम्ही तुम्हाला पाठवू’, आणि वाटतं की ‘दों’ या पाठवण्याशी बांधलेला असणार. पण ‘पाठवणे’ या फ्रेंच क्रियापदाला इथे ‘द’ लागतच नाही. ‘द’ ज्याचा आहे ते नाम, ‘बिलं’, वाक्याच्या पार टोकाला बसलंय. इंग्रजीतून फ्रेंच शिकलेल्यांची इथे हमखास गफलत होते. इंग्रजीत ‘हूज’ आणि त्याचं नाम हात धरून चालतात. फ्रेंचमध्ये ‘दों’ एका टोकाला आणि त्याचं नाम दुसऱ्या टोकाला असू शकतं. मराठीत मात्र आपण त्या दोघांना परत जवळ आणतो: ‘ज्यांची बिलं’. इथे क्रियापद शेवटी जाण्याची आपली सवय उलट उपयोगी पडते. ‘पाठवू’ शेवटी गेलं की मधली जागा मोकळी होते आणि ‘बिलं’ आपोआप ‘ज्यांची’च्या शेजारी येऊन बसतं.

मी ते ‘ज्यांची’ गाळलं. उरलं “आम्ही तुम्हाला बिलं पाठवू.” आता मराठीत कुणी ‘तुम्हाला बिल पाठवू’ म्हटलं तर त्याचा अर्थ एकच, पैसे भरा. पत्रात मात्र बिलं पुरावा म्हणून येणार होती, कापलेल्या पैशांचा हिशोब म्हणून. एक ‘ज्यांची’ गेली आणि पुराव्याची वसुली झाली.

जाता जाता या भाड्याच्याच कागदातला आणखी एक ‘दों’ सांगते, कारण परदेशी शिकायला जाणाऱ्यांना तो नक्की भेटतो. जाहिरातीत असतं: भाडं ६५० युरो, दों ५० युरो चार्जेस. इथे क्रियापदच नाही, त्यामुळे ‘ज्याचे’ लावायला जाऊच नका. याचा अर्थ ६५०, त्यातले ५० चार्जेसचे. ते धरून ६५०. वर वेगळे ५० नाहीत.

बरं, आता प्रत्यय कळले. मग ‘ज्यांची’, ‘जिची’ लावून सगळं एका वाक्यात कोंबायचं का? दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बसले आणि इमानदारीत तेच केलं: “ज्या दुरुस्त्यांची जबाबदारी तुमच्यावर आहे आणि ज्यांची बिलं आम्ही तुम्हाला पाठवू त्यांचा खर्च वजा करून, ज्याची रक्कम भाडेकराराच्या कलम ५ मध्ये दिली आहे ते डिपॉझिट तुम्हाला दोन महिन्यांच्या आत परत केलं जाईल.”

व्याकरणात काही चूक नाही. पण काकूंना वाचून दाखवा बघू. पैसे परत मिळणार की नाही हे त्यांना सगळ्यात शेवटच्या तीन शब्दांत कळणार. फ्रेंचमध्ये ‘तुम्हाला परत केलं जाईल’ हे मधेच येऊन जातं, आणि बाकीच्या अटी त्यामागून लोंबत राहतात. आपल्याकडे क्रियापद शेवटी, म्हणजे जेवढ्या अटी तेवढी ते कळायला लागणारी वाट. डोळ्यांनी वाचताना मागे तरी जाता येतं. ऐकताना तेही नाही.

म्हणून काही ‘दों’ बाहेर काढावे लागतात. पण कोणते? इथे फ्रेंचमधला स्वल्पविराम कामाला येतो, आणि माझ्या रात्रीच्या भाषांतराची दुसरी मोठी चूक इथेच आहे.

पहिल्या ‘दों’च्या आधी स्वल्पविराम आहे. “डिपॉझिट, दों रक्कम…” डिपॉझिट एकच आहे. त्याची रक्कम अमुक कलमात आहे ही जादाची माहिती. ती काढली तरी कुठलं डिपॉझिट हे कळतंच. अशा ‘दों’ला बिनधास्त वेगळं वाक्य द्या: “त्याची रक्कम कलम ५ मध्ये दिलेली आहे.” ‘ज्याची’च्या जागी ‘त्याची’, संपलं.

दुसऱ्या ‘दों’च्या आधी स्वल्पविराम नाही. “दुरुस्त्या दों तुम्ही जबाबदार.” हा ‘दों’ निवड करतोय. घरात दुरुस्त्या दहा असतील, त्यातल्या ज्यांची जबाबदारी तुमची, तेवढ्याच. मी मात्र “दुरुस्त्या वजा करून, ज्याला तुम्ही जबाबदार आहात” असं म्हटलं. नाम आधी, मग ‘ज्या’चं शेपूट. मराठीत असं शेपूट लावलं की ते जादाची माहिती वाटतं: दुरुस्त्या वजा होणार, आणि हो, त्यांना जबाबदार तुम्हीच. निवड गेली, सगळ्याच दुरुस्त्या पोरीच्या गळ्यात पडल्या. काकूंना जे ऐकू आलं ते अगदी बरोबर ऐकू आलं होतं.

आणि हा फरक फक्त व्याकरणाचा नाही. फ्रान्समध्ये भाड्याच्या घरांसाठी ६ जुलै १९८९ चा कायदा आहे. त्यानुसार किल्ल्या परत केल्यापासून डिपॉझिट परत करायला एक महिना असतो, जर घर घेताना आणि सोडतानाची तपासणी जुळत असेल तर. फरक निघाला तर दोन महिने. जे कापलं त्याला आधार द्यावा लागतो, आणि वापरून वापरून घराची जी साधी झीज होते ती भाडेकरूच्या खात्यावर येत नाही. म्हणजे ‘ज्या दुरुस्त्यांची जबाबदारी तुमच्यावर आहे’ या शब्दांमागे एक आख्खी यादी आणि वाद घालायचा हक्क उभा आहे. माझ्या मराठीत तो हक्कच गायब झाला होता.

निवड करणारा ‘दों’ मराठीत टिकवायचा तर तो नामाच्या आधी यायला हवा. ‘ज्या दुरुस्त्यांची… त्या’ ही आपली जुनी, भरवशाची जोडी. पुढे ‘तेवढ्याच’ घाला, मग कुणाला शंका राहत नाही. मूळ फ्रेंचमध्ये ‘च’ला वेगळा शब्द नाही, पण स्वल्पविरामाच्या नसण्यात तो आहे, म्हणून मी तो घालते आणि त्याबद्दल मला अजिबात अपराधी वाटत नाही.

कधी कधी ‘ज्या-त्या’चीही गरज पडत नाही, आणि ते जमलं की मला फार आवडतं. ‘ला क्ले दों जे बझ्वँ’, शब्दशः ‘किल्ली दों मला गरज आहे’. ‘जिची मला गरज आहे ती किल्ली’ असं करायचं कशाला? ‘मला हवी असलेली किल्ली’. पाककृतीत ‘दों’ आणि गरज आली की आपल्याकडे शब्द तयारच आहे: ‘लागणारं साहित्य’. ‘सुरी दों मी वापरली’ म्हणजे ‘मी वापरलेली सुरी’. ‘घर दों छप्पर गळतं’ म्हणजे ‘छप्पर गळणारं घर’, सरळ ‘गळकं घर’सुद्धा. क्रियापद शेवटी नेण्याची भानगडच नाही, तेच विशेषण होऊन नामाच्या आधी जाऊन बसतं.

पण हे सगळीकडे चालत नाही. ‘छप्पर गळणारं घर’ चालतं, कारण गळण्याचं काम छप्पर आपलं आपण करतंय आणि ते त्या घराचाच भाग आहे. ‘पाय मोडलेली खुर्ची’, ‘नवरा वारलेली बाई’ तशाच. ‘बाई दों मी मुलाला ओळखते’ हे मात्र ‘मुलाला ओळखणारी बाई’ केलंत तर ओळखणारी बाईच झाली, मी कुठल्या कुठे गेले. तिथे ‘जिच्या मुलाला मी ओळखते ती बाई’ हेच हवं. आणि ‘माणूस दों मी बोलले’चं ‘मी बोललेला माणूस’ तर नकोच. ‘मी बोलले तो माणूस’ केलंत तरी त्याच्याशी बोलले की त्याच्याबद्दल, कळत नाही. मी एक साधी खूण ठेवलीय: विशेषण केल्यावर ‘कोण करतंय’ हे विचारायचं. उत्तर बदललं तर परत ‘ज्या’कडे.

त्या पत्रात खाली आणखी एक ‘दों’ होता आणि त्याने मला वेगळ्याच जागी अडवलं. “घरमालकाची मुलगी, दों सही तपासणीच्या कागदावर आहे, तिच्याशी संपर्क साधावा.” सही कुणाची? मुलीची की मालकाची? फ्रेंच ‘दों’ला ना लिंग ना वचन. तो दोघांपैकी कुणाचाही होऊ शकतो. मराठीत बोलायलाच ‘जिची’ किंवा ‘ज्याची’ लागतं. ‘जि’ किंवा ‘ज्या’ हे मागच्या माणसावरून ठरतं, आणि ‘ची’ सहीवरून. फ्रेंचला जे झाकून ठेवता येतं ते आपल्याला उघड करावंच लागतं. अशा वेळी व्याकरण कितीही घोटलं तरी उत्तर मिळत नाही, कागदच बघावा लागतो. मी मैत्रिणीच्या बहिणीला मेसेज केला, तपासणीच्या कागदाचं शेवटचं पान पाठव. सही मुलीची होती. ‘जिची’.

राहिला तिसरा ‘दों’, बिलांचा. आधी मी तो तोडून वेगळं वाक्य केलं होतं: “त्या दुरुस्त्यांची बिलं आम्ही तुम्हाला पाठवू.” ऐकायला सोपं. पण मूळ वाक्यात तो दुसऱ्या ‘दों’ला ‘आणि’ने जोडलेला आहे, मधे स्वल्पविराम नाही. म्हणजे दोन्ही चाळण्या एकदम लागतात: जबाबदारी तुमची हवी आणि बिल आमच्याकडून यायला हवं, मगच पैसे कापायचे. बाहेर काढला तर अटीचं नुसतं आश्वासन होतं. गोष्टीच्या पुस्तकात मी तो बेलाशक बाहेर काढला असता. पैशाच्या पत्रात नाही. म्हणून परत आत घेतला, आणि काकूंना नवी व्हॉइस नोट पाठवली:

“तुमचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या आत परत केलं जाईल. त्याची रक्कम भाडेकराराच्या कलम ५ मध्ये दिलेली आहे. ज्या दुरुस्त्यांची जबाबदारी तुमच्यावर आहे आणि ज्यांची बिलं आम्ही तुम्हाला पाठवू, तेवढ्याच दुरुस्त्यांचा खर्च त्यातून वजा केला जाईल.”

एकाची तीन वाक्यं झाली. तीन ‘दों’पैकी एक ‘त्याची’ होऊन बाहेर गेला, दोन ‘ज्या’ होऊन आत राहिले, आणि पैसे परत मिळणार ही गोष्ट पहिल्याच वाक्याच्या शेवटी कळली.

काकूंचं उत्तर आलं, “मग काल रात्री असंच का नाही सांगितलंस गं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहिणीने त्याच दिवशी मालकाकडे बिलं मागितली. दहा-बारा दिवसांनी बेसिनच्या नळाचं बिल आलं. भिंतींच्या रंगाचं आलं नाही, आणि रंगाचे पैसेही कापले गेले नाहीत.